ईओक्यूचे उत्तर फारच लहान येत होते: चूक कुठे होती (माझा अनुभव)

चार इंची बिजागरीचा ईओक्यू, म्हणजे एका वेळी मागवायचा किफायतशीर ऑर्डर आकडा, 87 नग येत होता. म्हणजे वर्षाला 41 ऑर्डरी. ऑर्डर खर्च फुगवून पाहिला, व्याजदर कमी केला, उत्तर पटेना. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

चूक कालावधीची होती. खप महिन्याचा (300 नग) घेतला होता आणि साठवण खर्च वर्षाचा. दोन्ही वर्षाचेच हवेत.

आधी बिलांवरून वर्षाचा खप काढा: 3,600 नग. मग एका ऑर्डरचा खर्च. यात टेम्पोचे ठरलेले भाडे आणि हमाली मिळून 150 रुपये धरले. नगावर लागणारे भाडे इथे नको, ते खरेदी किमतीत जाते. शेवटी साठवण: किंमत 60 रुपये, त्यावर व्याज 12 टक्के आणि गंज-खराबी 8 टक्के, म्हणजे नगामागे वर्षाला 12 रुपये. दुकानाचे भाडे धरू नका, माल कमी ठेवला तरी ते तेवढेच राहते.

```
=SQRT(2*3600*150/12)
```

उत्तर 300 नग, वर्षाला 12 ऑर्डरी. पडताळा सोपा आहे: ऑर्डर खर्च 12 × 150 = 1,800 आणि साठवण (सरासरी साठा 150 नग) 150 × 12 = 1,800. दोन्ही सारखे आले नाहीत, तर कुठेतरी एकक चुकले आहे.

खोके 200 नगांचे असेल तर 400 मागवा. खर्च 3,600 वरून 3,750 होतो, फक्त 150 रुपये जास्त. मात्र ऑर्डर कधी द्यायची हे या सूत्रातून कळत नाही. ते माल यायला लागणाऱ्या दिवसांवरून वेगळे काढावे लागते.