ड्रम फिरतोय, पण ड्रायर तापत नाही? नवा हीटर घेण्याआधी या चुका टाळा

ड्रायर सुरू होतो, ड्रम नेहमीसारखा फिरतो, आणि तासाभराने दार उघडावं तर कपडे गार, ओलेच. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय हीटरच्या कॉइलवर जातो आणि नवा हीटर मागवला जातो. तो बसवल्यावरही कपडे गारच निघाले, की मग खरी शोधाशोध सुरू होते. ती आधीच केली तर खर्च वाचतो.

इथे जे लिहितो आहे ते विजेच्या हीटरवर चालणाऱ्या साध्या ड्रायरबद्दल आहे. हीट पंपाचे आणि गॅसचे ड्रायर वेगळ्या पद्धतीने तापतात, त्यांना हे लागू नाही. आणि सर्वांत आधी प्रोग्रॅम पाहा. फक्त थंड हवेचा प्रोग्रॅम निवडला गेला असेल तर मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नाही.

मशीन न उघडताच करायची तपासणी चुकवू नका

घरातली बाकीची मोठी उपकरणं बंद करा, ड्रायर पूर्ण तापमानाच्या प्रोग्रॅमवर लावा आणि विजेच्या मीटरकडे बघा. बऱ्याच डिजिटल मीटरवर त्या क्षणाचा लोड किलोवॉटमध्ये दिसतो. एकटी मोटर साधारण पाव किलोवॉट घेते. हीटर चालू असला तर हाच आकडा दोन किलोवॉटच्या पुढे जातो. मीटरवर दोनच्या वर आकडा दिसत असूनही कपडे वाळत नसतील, तर हीटर शाबूत आहे आणि गरम हवा पुढे जात नाही. मग जाळी, पाइप आणि पंखा तपासायचा, हीटरला हात लावायचं कारण नाही. आकडा पाव किलोवॉटवरच अडकला असेल, तर मात्र हीटरपर्यंत वीज पोहोचत नाही किंवा हीटर तुटला आहे. पाच-दहा मिनिटं तरी पाहत राहा, कारण ड्रम तापल्यावर थर्मोस्टॅट हीटर मधूनमधून बंद करतोच.

"ड्रम फिरतो, म्हणजे वीज येतेय"

हे सगळीकडे खरं नाही. ज्या देशांत घराला २३० व्होल्टचा एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, तिथे मोटर आणि हीटर एकाच पुरवठ्यावर चालतात, त्यामुळे मोटर फिरली की सॉकेटपर्यंत वीज आहे असं मानता येतं. पण अमेरिकेत मोठ्या ड्रायरला १२० व्होल्टच्या दोन तारा येतात. मोटर त्यातल्या एका तारेवर आणि न्यूट्रलवर चालते. हीटरला दोन्ही तारांमधले २४० व्होल्ट लागतात. दोनपैकी दुसरी तार तुटली किंवा जोडब्रेकरचा एक पोल नीट बसला नाही, तर ड्रम मजेत फिरत राहतो आणि हीटर गार पडतो. असा ब्रेकर वरवर चालू दिसू शकतो. तो एकदा पूर्ण खाली पाडून पुन्हा वर करा. तरीही फरक पडला नाही तर सॉकेटवरचे व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडूनच मोजून घ्या. प्लग काळवंडलेला किंवा सैल वाटत असेल तर तो बदलल्याशिवाय ड्रायर लावू नका.

मल्टीमीटरच्या "बीप"वर विश्वास ठेवू नका

आता प्लग काढून मागचं झाकण उघडायचं. प्लग काढल्याशिवाय नाही, आणि ड्रायर नुकताच चालला असेल तर तो थंड होऊ द्या. हीटरवर किंवा त्याच्या आवरणावर वॉट छापलेले असतात. व्होल्टेजचा वर्ग करून वॉटने भागलं की ओहम किती यायला हवेत ते कळतं. २३० व्होल्टवर २५०० वॉटचा हीटर असेल तर सुमारे २१ ओहम. मीटर बीपवर ठेवून मोजण्याची चूक अनेक जण करतात. बीप फक्त रस्ता सलग आहे एवढंच सांगते, आणि तिची मर्यादा प्रत्येक मीटरमध्ये वेगळी असल्यामुळे चांगला हीटरही कधी गप्प राहतो. म्हणून ओहमच्या सेटिंगवर प्रत्यक्ष आकडा वाचा. आणखी एक चूक म्हणजे तारा न काढता मोजणं. हीटरची निदान एक तार सुटी करा, नाहीतर दुसऱ्या एखाद्या वाटेने आलेला आकडा तुम्ही हीटरचा समजाल. शेवटी हीटरचं टोक आणि धातूची बॉडी यांच्यात मोजा. तिथे रस्ता अजिबात मिळायला नको. मिळाला तर कॉइल बॉडीला टेकली आहे, आणि ती बदलायलाच हवी.

कट-आउट बदलला, कारण तसंच राहिलं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे. एक उदाहरण सांगतो. दुरुस्तीला आलेल्या एका ड्रायरला मालकाने आधीच नवा हीटर बसवला होता. मीटरवर पाव किलोवॉट, हीटरचे ओहम २१च्या आसपास, म्हणजे हीटर ठणठणीत. हीटरच्या आवरणावर दोन छोट्या चकत्या होत्या: एक थर्मोस्टॅट, दुसरी थर्मल कट-आउट, म्हणजे हीटर जास्त तापला तर त्याची वीज तोडणारी. गार मशीनमध्ये दोन्हींचे ओहम शून्याच्या जवळ यायला हवेत. थर्मोस्टॅट बरोबर निघाला, कट-आउटमधला रस्ता मात्र तुटलेला. काही कट-आउटवर छोटं रीसेटचं बटण असतं, याच्यावर नव्हतं. असा कट-आउट एकदाच उडतो आणि मग बदलावाच लागतो.

मालकाने तो बदलला आणि ड्रायर तापायला लागला. तीन आठवड्यांनी पुन्हा गार. कट-आउट पुन्हा उडाला होता, कारण तो स्वतःहून बिघडत नव्हता. जास्त तापल्यामुळे आपलं काम करत होता. मशीन मागे ढकलताना हवा बाहेर नेणारा पाइप भिंतीशी चेपला गेला होता आणि आत कपड्यांचे बारीक तंतू साचले होते. हवा अडली की हीटरभोवतीची उष्णता जायला वाट राहत नाही.

इथे थर्मोस्टॅटकडेही पुन्हा बघावं लागतं. त्याचं काम ठरावीक तापमानाला हीटरची वीज तोडणं. त्याचे काँटॅक्ट चिकटून बसले असतील तर तो कधीच तोडत नाही आणि सगळा भार कट-आउटवर येतो. गार असताना चांगला आणि चिकटलेला थर्मोस्टॅट मीटरवर अगदी सारखेच दिसतात. म्हणून कट-आउट उडाला असेल तर दोन्ही चकत्या एकत्रच बदला, त्याही त्याच मॉडेलच्या.

या मशीनमध्ये तसंच केलं. पाइप साफ करून सरळ केला, भिंतीपासून अंतर ठेवलं, आणि बाहेरच्या टोकाला हात धरून हवेचा जोर पाहिला. त्यानंतर चाळीस मिनिटं मीटर बघितला. आकडा आधी २.७ किलोवॉटवर गेला आणि पुढे थोड्या थोड्या वेळाने पाव किलोवॉटवर उतरून परत चढत राहिला. हा चढ-उतार दिसला की थर्मोस्टॅट नीट काम करतोय.

उडालेल्या कट-आउटच्या दोन तारा एकमेकींना जोडून "चालतंय का बघू" असं मात्र कुणीही करू नये, तपासणीपुरतंही नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मीटर देतो. त्या तारा जोडल्या की साचलेल्या तंतूंना पेटण्यापासून रोखणारं शेवटचं साधनही निघून जातं.