सांगलीची हळद दुबईला पाठवायची असेल तर आधी एवढं जमवून ठेवा

समजा आपल्याकडे हळद पावडर एक टन आहे. बायर शोधायला दुबईच्या गल्फूड प्रदर्शनाला जायलाच पाहिजे असं काही नाही, तिथल्या मसाला इंपोर्टरला मेल करून पाव किलोचं सँपल कुरियर करा, सोबत हळदीतलं कर्क्युमिन आणि लेड म्हणजे शिसं किती आहे त्याचा लॅब रिपोर्ट द्या, कारण ते पहिलं हेच विचारतात. पण बोलणी पुढे न्यायच्या आधी त्याच्याकडून ट्रेड लायसन्सची कॉपी मागा, टाळाटाळ केली तर सोडून द्या.

आता रेट, इथे आपली माणसं खरी फसतात. समजा पॅकिंगसकट माल 190 रुपये किलो पडला. सांगली ते न्हावा शेवा बंदर गाडी, कस्टमचं काम करणारा एजंट म्हणजे सीएचए, पोर्टचा खर्च मिळून 30 हजार, म्हणजे किलोला 30, वर आपले 30 धरले की झाले 250. बँकेचा रेट 86 असला तरी मी 84 नेच भागतो, त्याने 2.98 येतात, म्हणून 3 डॉलर एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून, सांगायचे. पैसे येईपर्यंत डॉलर 82 वर आला तर हातात 246 पडतात, चार रुपये गेले तरी नफा उरतो. 86 नेच भागलं असतं तर जास्त फटका बसला असता. बँकांचं कमिशन कोण भरणार तेही कोटेशनमध्येच लिहा.

बायर सीआयएफ जेबेल अली, म्हणजे दुबईच्या त्या बंदरापर्यंतचा रेट मागेल, तर जहाजाचं भाडं आणि विमा वर चढवा. पण एक लक्षात घ्या, सीआयएफमध्ये भाडं आपण भरतो तरी माल जहाजावर चढला की जोखीम बायरची होते. आणि एवढासा माल एलसीएलने म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत जातो, आपण तो गोदामात देऊन मोकळे होतो, त्यामुळे खरं तर एफसीए टर्म जास्त सेफ, तिथे आपली जोखीम माल सोपवला की लगेच संपते.

कागदांपैकी निर्यातीसाठी लागणारा आयईसी नंबर, स्पाइसेस बोर्डाचं रजिस्ट्रेशन, पोर्टला आपल्या बँकेच्या एडी कोडची नोंद आणि कर न भरता निर्यात करण्यासाठी जीएसटीचं एलयूटी हे ऑर्डर यायच्या आधीच करून ठेवा, एलयूटी नसेल तर आधी आयजीएसटी भरून मग रिफंडची वाट बघत बसावं लागतं. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन भारत-यूएई सेपा या व्यापार करारातलं घ्या, तो 1 मे 2022 पासून लागू आहे. माझ्या पहिल्या मालात इन्व्हॉइसवर नेट वजन आणि पॅकिंग लिस्टवर चुकून ग्रॉस वजन नेटच्या रकान्यात गेलं, कस्टमने विचारलं आणि माल चार दिवस अडकला. तेव्हापासून दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक आकडा बोट ठेवून वाचतो.

पेमेंट 30 टक्के अॅडव्हान्स, बाकी बिल ऑफ लेडिंग म्हणजे बीएल, माल जहाजाने नेण्यासाठी घेतल्याची पावती, तिची स्कॅन कॉपी दाखवल्यावर. ओरिजिनल बीएल मात्र पैसे खात्यात दिसेपर्यंत कपाटातच राहू दे, कारण ते ज्याच्या हातात, माल त्याच्या ताब्यात.