बिबट्या वस्तीत दिसला? पिंजरा मागण्याआधी या चुका टाळा

सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. क्लिप ग्रुपाग्रुपांवर फिरते आणि ‘ताबडतोब पिंजरा लावा’ असं निवेदन तयार होतं. त्या क्लिपमध्ये बिबट्याच्या आजूबाजूला काय आहे, हे मात्र फारसं कोणी बघत नाही. बघितलं तर बरेचदा तिथे भटकं कुत्रं सापडतं, ओसंडलेली कचराकुंडी सापडते, नाहीतर बंद पडलेला दिवा. वस्तीला स्वतःच्या हाताने आणि कमी खर्चात जे करता येतं, ते सगळं याच तीन गोष्टींभोवती आहे.

पहिली चूक: ‘वाट चुकून आला’ असं धरून चालणं

वाट चुकलेला बिबट्या असतो, पण क्वचित. वस्तीच्या कडेला वारंवार दिसणारा बिबट्या बहुधा तिथलाच असतो. नाला, ऊस, झुडपं, पडीक प्लॉट यांच्या आडोशाने तो दिवस काढतो आणि माणसं झोपली की फिरतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अभ्यास केला तेव्हा दाट लोकवस्तीच्या शेतीपट्ट्यात, जिथे मोठं जंगल नाही तिथे, १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून खाण्याचा हिशेब निघाला. वजनाच्या मानाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव किंवा माणसाच्या आश्रयाने राहणारं होतं आणि एकूण भक्ष्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता.

यातली खरी बातमी शेळ्यांची आहे. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी बिबट्याच्या खाण्यात त्यांचा वाटा ११ टक्केच निघाला. कारण साधं आहे: शेळ्यांसोबत दिवसा राखणदार असतो आणि रात्री त्या गोठ्यात कोंडलेल्या असतात, कुत्रं मात्र मोकळं हिंडतं. बिबट्या चवीपेक्षा सोय बघतो. रात्री जे मोकळं आणि एकटं सापडेल, ते त्याचं. पुढच्या सगळ्या उपायांची चावी हीच आहे.

दुसरी चूक: दिसला की पकडून लांब सोडायला लावणं

हा उपाय जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर करून झालेला आहे, त्यामुळे त्याचं काय होतं ते अंदाजाने सांगावं लागत नाही. फेब्रुवारी २००१ पासून तिथे वस्त्यांजवळ पकडलेले बिबटे आसपासच्या जंगलांत, सरासरी ४० किलोमीटर अंतरावर, सोडले जाऊ लागले. त्याआधी, १९९३ पासून, त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर, २००३ पर्यंत, हे प्रमाण वर्षाला १७ वर गेलं. हल्ल्यांत जीव जाण्याचं प्रमाणही दुप्पट झालं, आणि बिबटे जिथे सोडले त्या जागांच्या जवळपास हल्ले जास्त होते.

असं का व्हावं? बिबट्याला आपला इलाखा पाठ असतो: पाणी कुठे, लपायला कुठे, माणसं कधी कुठून जातात. माणसाला टाळून जगण्याचं त्याचं कसब या ओळखीवर चालतं. पिंजऱ्यात धडका देऊन दात-नखं दुखावलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला की ती ओळख गेली. बरेचदा तो तिथे थांबतही नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून काढलेल्या एका म्हाताऱ्या नराला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. लोकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटलं. हा आजोबा महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडून, सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. इकडे मूळ ठिकाणी जागा मोकळी झालेली असते. कुत्री तीच, कचरा तोच, त्यामुळे दुसरा बिबट्या येतो, आणि तो कोवळा, अननुभवी असण्याची शक्यता बरीच.

म्हणून निवेदन लिहिण्याआधी घटना कुठल्या पायरीवरची आहे ते बघा. रात्री रस्ता ओलांडताना दिसला, कुत्रं नेलं, भिंतीवर बसला: यात पिंजऱ्याचं काम नाही, वस्तीचं आहे. दिवसाढवळ्या माणसाच्या मागे येतो, हाकलला तरी हटत नाही, किंवा माणसावर हल्ला झाला: इथे वनविभागाने हस्तक्षेप करायलाच हवा. पकडण्याचा निर्णय कायद्याने त्यांच्याच वरिष्ठांकडे असतो, वस्तीने परस्पर सापळा लावणं गुन्हा आहे.

तिसरी चूक: कुत्र्यांवर राग, कचऱ्याकडे दुर्लक्ष

‘कुत्री उचलून न्या’ ही मागणीही पिंजऱ्याच्याच जातीची. खाणं जागेवर राहिलं तर नेलेल्या कुत्र्यांच्या जागी शेजारची टोळी येते. आधी खाणं बंद करावं लागतं, मग नसबंदी. क्रम उलटा केला की पैसा वाया.

एक नमुना घेऊ. नाल्याच्या कडेने घरांची रांग आहे, टोकाला उघडी कुंडी, तिच्यात संध्याकाळी चिकनच्या दुकानाचा आणि खानावळीचा कचरा पडतो. रात्री दहानंतर तिथे डझनभर कुत्री, कधी डुकरंही. महिन्यात तीनदा बिबट्या दिसला. वस्तीने एक वही केली आणि प्रत्येक वेळी चारच गोष्टी लिहिल्या: वेळ, नेमकी जागा, तिथे त्या वेळी काय होतं आणि दिवा चालू होता का. दोन-तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. दिसणं बहुतेक कुंडीपासून हाकेच्या अंतरात, आणि बिबट्या नाल्याच्या ज्या बाजूला झुडपं आहेत तिकडूनच येतो.

मग करायचं ते एवढं: दुकानांचा कचरा अंधार पडण्याआधी उचलला जाईल अशी वेळ ठरवायची, मांसाचा कचरा वेगळा आणि बंद डब्यात, कुंडीला जड झाकण. घरं आणि पायवाट यांच्या बाजूने दहा-पंधरा मीटर पट्ट्यातलं गवत-झुडूप गुडघ्याखाली ठेवायचं. मोठी झाडं तोडायची गरज नाही, आडोसा जमिनीलगतचा असतो. कुत्र्यांना माया म्हणून खायला घालणाऱ्यांशी भांडू नका, त्यांना दिवसा, वस्तीच्या आतल्या बाजूला घालायला सांगा आणि उरलेलं उचलायला लावा.

इथे एक फसगत हमखास होते. कुंडी स्वच्छ झाली, बिबट्या तिथे दिसेनासा झाला, सगळे खूश. आणि दोन आठवड्यांनी तो मागच्या गल्लीत दिसतो, कारण कुत्री तिथल्या उघड्या ढिगाकडे सरकली. म्हणून रात्री नऊच्या सुमारास कुत्री कुठे गोळा होतात ते मोजत राहायचं. एका ठिकाणचा आकडा घटला आणि दुसरीकडचा वाढला, तर काम झालेलं नाही, नुसतं हललं आहे.

चौथी चूक: वरून उघडा गोठा आणि दाराशी बांधलेलं कुत्रं

चार बाजूंनी भिंत आणि वर आकाश, याला बिबट्याच्या दृष्टीने गोठा म्हणत नाहीत. दहा फुटांची भिंत त्याला फारशी अडवत नाही. उलट आत कोंडलेल्या शेळ्या पळू शकत नाहीत आणि एका रात्रीत बऱ्याच मरतात. वर छप्पर किंवा जाळी हवीच. कोंबड्यांची पातळ जाळी पंजाने फाटते, त्यामुळे जाड तारेची जाळी घ्या, नाहीतर बांबू जवळजवळ बांधा. पंजा आत जाईल एवढी फट ठेवू नका, आणि दाराला कडी बाहेरून नीट बसते ना, ते रोज बघा. सगळ्यात कमजोर जागा दार आणि छप्पर जिथे भिंतीला भेटतं तीच असते.

पाळीव कुत्र्याला राखणीसाठी साखळीने अंगणात बांधणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. रात्री त्याला घरात किंवा बंद खोपट्यात घ्या.

पाचवी चूक: अंधारात एकटं आणि वाकलेलं असणं

बिबट्याला उभा प्रौढ माणूस भक्ष्य वाटत नाही. बसलेला, वाकलेला माणूस आणि लहान मूल यांचा आकार मात्र फसवा असतो. त्यामुळे धोका सर्वाधिक दोन ठिकाणी: अंधारात उघड्यावर शौचाला जाणं आणि संध्याकाळी मुलांनी अंगणात किंवा वाटेवर एकटं असणं. शौचालय असूनही लोक बाहेर जात असतील तर बहुधा तिथे पाणी किंवा दिवा नसतो. बल्ब बदलणं हा या सगळ्या यादीतला सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो कोणाच्या नावावर नसल्यामुळे राहून जातो. एका माणसाचं नाव ठरवून टाका. दिवा पायवाटेवर पडेल असा लावा. डोळ्यांत मारणाऱ्या झोताने झुडपामागचा अंधार आणखी गडद होतो.

बाहेर पडायचंच असेल तर दोघं मिळून, टॉर्च घेऊन, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून. अचानक गाठ पडू नये, एवढाच आवाजाचा उद्देश. पडलीच तर पळू नका, खाली बसू नका, मुलाला न वाकता जवळ ओढा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा.

सहावी आणि सगळ्यात महाग चूक: गर्दी

दिवसा बिबट्या घरात किंवा गोदामात अडकला, की जखमी होणारे बरेचसे लोक बघायला आलेले असतात. चारी बाजूंनी वेढलेला, दगड खाल्लेला बिबट्या निसटण्यासाठी माणसांच्या अंगावरूनच जातो. बेशुद्धीचा डार्ट बसल्यावर औषध चढायला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात, बिथरलेल्या प्राण्याला त्याहून जास्त. त्या वेळात गच्चीवरून आरडाओरडा चालू असेल तर पथकाचे हात बांधले जातात.

बाहेरून दार ओढून घेता येत असेल तरच घ्या, नाहीतर लांब राहा. वनविभागाला कळवा, महाराष्ट्रात १९२६ ही हेल्पलाइन आहे. तोवर वस्तीतल्या चार-सहा जणांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांवर उभं राहून लोकांना आत येऊ द्यायचं नाही, मुलांना घरात ठेवायचं, आणि झाडी किंवा नाला ज्या दिशेला असेल ती बाजू पूर्ण मोकळी सोडायची. बिबट्या कोंडलेला नसून झुडपात दबून बसला असेल, तर पुष्कळदा काहीच न करणं हाच उपाय ठरतो: अंधार पडला की तो त्या मोकळ्या बाजूने निघून जातो.

सकाळी खात्री करायची तर मऊ मातीत खुणा बघा. ठसा मांजरापेक्षा बराच मोठा, चार बोटं, नखांचे ठसे नाहीत आणि तळव्याच्या गादीला मागच्या बाजूने तीन फुगवटे, तर बहुधा बिबट्या. पुढे नखं उमटली असतील तर बहुधा कुत्रं. ठसे वस्तीबाहेर जाताना दिसले, तर वहीत जागा आणि दिशा लिहून ठेवा. वनरक्षक आले की सर्वांत आधी तीच मागतील.