खात्यावरची सही बदलताना जुने चेक विसरू नका

निपाणीतल्या तंबाखूच्या एका पेढीचं उदाहरण घ्या. भागीदार तीन. करंट खात्यावर आजवर थोरल्या काकांची सही चालायची, आता ती धाकट्या पुतण्याची हवी. भागीदार तेच राहिले, तर करारनामा नव्याने करावा लागत नाही. भागीदारांचा ठराव, बँकेच्या नावे पत्र, नव्या सहीचा नमुना आणि पुतण्याची केवायसी कागदपत्रं, एवढ्यावर सहसा काम होतं. ठरावावर तिघांच्याही सह्या घ्या, काकांचीसुद्धा. घरात मराठी बोलत असलो तरी पत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्या. शाखेतला अधिकारी परगावचा असला की मराठी पत्र टेबलावरच राहतं.

"सही बदलावी" एवढंच लिहू नका. काकांचा अधिकार कोणत्या तारखेपासून संपतो, पुतण्या एकटा सही करणार की दोघांनी मिळून, हे स्पष्ट हवं.

खरी अडचण येते ती आधीच दिलेल्या चेकची. काकांनी पुढच्या तारखेचे चार चेक व्यापाऱ्यांना दिलेले असतात, आणि नवी सही नोंदल्यावर ते परत येऊ शकतात. म्हणून त्यांचे नंबर, तारखा आणि रकमा पत्रातच लिहून ते वटवावेत अशी विनंती करा. बँक नाही म्हणाली, तर पुतण्याच्या सहीचे चेक देऊन जुने परत घ्या.

नेटबँकिंगचा अधिकार आणि ओटीपीचा मोबाइल नंबर मात्र वेगळ्या अर्जाने बदलावा लागतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच.