मॉडेलनं थाप मारली नव्हती, नियमच त्याच्यापर्यंत पोचला नव्हता

मी तेव्हा एका ऑनलाइन दुकानाच्या मदत-चॅटबॉटवर काम करत होतो. बॉट आधी दुकानाच्या नियमांतून जुळणारे उतारे शोधायचा आणि ते प्रश्नासोबत मॉडेलकडे पाठवायचा. एक तक्रार आली: खोका उघडलेला मिक्सर 30 दिवसांत परत करता येतो, असं बॉटनं सांगितलं. खरी मुदत 7 दिवसांची. लॉगमध्ये आमच्याकडे फक्त प्रश्न आणि उत्तर. मी तोच प्रश्न स्वतः टाकून पाहिला, तर उत्तर अगदी बरोबर आलं! 'मॉडेलला भास झाला असेल' म्हणून आम्ही तक्रार मिटवून टाकली.

तिथंच चुकलं. नव्या नोकरीत असा बॉट हाती आला, तर आधी प्रत्येक विनंतीला एक `trace_id` द्या आणि प्रत्येक टप्प्याची नोंद त्याच आयडीखाली ठेवा: शोधासाठी पाठवलेला प्रश्न, सापडलेले उतारे, मॉडेलकडे गेलेला प्रॉम्प्ट, मॉडेलची नेमकी आवृत्ती आणि सेटिंग, आलेलं उत्तर. प्रॉम्प्टचा साचा ठेवून भागत नाही. सगळं भरून झाल्यावर जो मजकूर खरोखर गेला, तो जसाच्या तसा हवा.

आम्ही हे केलं आणि दोन आठवड्यांनी तशीच तक्रार पुन्हा आली. या वेळी नोंद अशी होती:

```json
{"trace_id": "7f3a", "span": "build_prompt",
 "budget": 4000, "history_tokens": 2900,
 "retrieved": ["kb-112", "kb-087", "kb-240"],
 "in_prompt": ["kb-112", "kb-087"],
 "dropped": ["kb-240"]}
```

`kb-112` मध्ये 30 दिवसांचा सर्वसाधारण नियम होता, `kb-240` मध्ये उघडलेल्या विजेच्या वस्तूंचा अपवाद. शोधानं अपवाद बरोबर आणला होता. पण ग्राहक बराच वेळ बोलत होता, 4000 टोकनांच्या मर्यादेतले 2900 जुन्या संभाषणानंच खाल्ले होते. उरलेल्या 1100 मध्ये दोनच उतारे मावले आणि आमच्याच कोडनं तिसरा गुपचूप गाळला. मॉडेलनं समोर होतं त्यावरून प्रामाणिक उत्तर दिलं. मी मात्र कोऱ्या चॅटमध्ये तपासत होतो, तिथं तिन्ही उतारे आरामात बसत.

तरी एवढ्यावर निकाल लावू नका. मी नोंदलेला प्रॉम्प्ट, तीच आवृत्ती आणि तीच सेटिंग घेऊन दहा वेळा चालवला, मग फक्त `kb-240` परत घालून दहा वेळा. पहिल्या खेपेत दरवेळी 30 दिवस, दुसऱ्या खेपेत दरवेळी 7. एकदाच चालवून बघण्यात अर्थ नसतो, कारण त्याच प्रॉम्प्टला उत्तर बदलू शकतं.

दुरुस्ती छोटीशी होती: आधी उताऱ्यांसाठी जागा राखायची, मग संभाषणाचा जुना भाग कापायचा.

एक भानगड मात्र आम्हीच ओढवून घेतली. पूर्ण प्रॉम्प्ट साठवायचा म्हणजे ग्राहकांचे फोन नंबरही लॉगमध्ये आले. ते लिहिण्याआधीच झाकावे लागतात. नुसत्या फुल्या मारण्यापेक्षा `PHONE_1` असं ठरावीक नाव द्या, म्हणजे संभाषणात कोणता नंबर कुठं आला ते कळतं.

पहिल्या तक्रारीचं कारणही बहुधा हेच असावं. पण तिचा प्रॉम्प्टच आमच्याकडे नाही, म्हणून त्या तिकिटावर आजही 'कारण अज्ञात' असंच लिहिलेलं आहे.