भाड्याच्या दुकानातलं पार्टिशन किती वर्षांत खर्ची टाकायचं?

भाड्याच्या दुकानात पार्टिशन, वायरिंग केलं की सगळा खर्च एकाच वर्षात नफ्यातून वजा करू नका. तो मालमत्तेत दाखवून दरमहा थोडा थोडा खर्ची टाका. मुदत धरायची ती कामाचं आयुष्य आणि उरलेला करार यांतली जी कमी असेल ती.

समजा, करार 5 वर्षांचा आहे, 2 वर्षं झाल्यावर 3,60,000 चं काम केलं आणि ते 10 वर्षं टिकेल. तरी भागायचं 36 महिन्यांनी, म्हणजे महिन्याला 10,000. बरेच जण इथे सवयीने 60 ने भागतात, आणि करार संपला तरी वहीत 1,44,000 शिल्लक दिसतात!

नूतनीकरणाचा हक्क करारात असेल आणि तुम्ही तो वापरणार हे जवळपास नक्की असेल, तरच पुढची वर्षं मोजा. मालकाचं तोंडी ‘बघू पुढे’ यात धरू नका. दुकान मुदतीआधी सोडलंत, तर उरलेली रक्कम तेव्हाच खर्ची टाका.