घरकामाच्या मावशींना किंवा ड्रायव्हरकाकांना वर्षअखेरीस आभाराची चिठ्ठी कशी लिहावी

‘वर्षभर केलेल्या मदतीबद्दल मनापासून धन्यवाद. नवीन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा!’ डिसेंबरच्या शेवटी बहुतेक जण एवढंच लिहितात. यात चूक काही नाही, पण वरचं नाव बदललं की हाच मजकूर वॉचमनला, दूधवाल्याला, ऑफिसातल्या सहकाऱ्यालाही चालून जातो. चिठ्ठी मिळालेल्या माणसालाही ते कळतं. सहा-सात ओळींची, पण त्याच माणसासाठी लिहिलेली चिठ्ठी कशी तयार करायची, ते पाहू.

आधी आठवा, मग लिहा

लिहिण्यापेक्षा आठवायलाच जास्त वेळ लागतो. घरकाम आणि ड्रायव्हिंग ही दोन्ही कामं नीट झाली की दिसत नाहीत. फरशी पुसलेली असते तेव्हा तिच्याकडे कुणी पाहत नाही, आणि सुखरूप घरी पोचल्यावर प्रवासाची चर्चा होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. हे काम कमी लेखलं जातं आणि अदृश्य राहतं, हे त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे. त्यामुळे नुसतं डोळे मिटून आठवायला बसलं तर खाडे आणि फुटलेली कपबशीच आधी आठवते.

त्याऐवजी फोन उघडा. वर्षभरातले त्यांच्याशी झालेले मेसेज आणि कॉल चाळा, मग कॅलेंडरमध्ये आजारपण, पाहुणे, परीक्षा, प्रवास हे दिवस बघा. त्या दिवसांत घर कुणामुळे चालू राहिलं हे आपोआप समोर येतं. घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘या वर्षी कुठल्या दिवशी मावशी नसत्या तर तुझं अडलं असतं?’ शाळकरी मुलं आणि घरात बसून असणारे ज्येष्ठ यांची उत्तरं सगळ्यात उपयोगी ठरतात, कारण आपण बाहेर असताना त्यांनीच पाहिलेलं असतं.

तीन-चार गोष्टी जमल्या की त्यातली एक निवडा, फार तर दोन. ‘खूप कष्टाळू’, ‘अतिशय प्रामाणिक’ अशी विशेषणं बाजूला ठेवा. प्रामाणिकपणाचं कौतुक तर जपूनच करावं. ‘इतक्या वर्षांत एक वस्तू इकडची तिकडे झाली नाही’ या वाक्यात आपल्या मनात शंका होती, हेही कळून जातं.

एक चिठ्ठी, दोनदा लिहिलेली

समजा, घरात दोघं नोकरी करणारे आहेत आणि एक सासूबाई. मावशींचं ठरलेलं काम भांडी आणि केर-फरशी. मार्चमध्ये सासूबाईंचा डावा हात मोडला आणि दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. पहिल्या झटक्यात सून हे लिहिते:

*‘प्रिय मावशी, तुम्ही आमच्या घरच्याच आहात. तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही. आईंच्या आजारपणात तुम्ही खूप केलंत. पुढच्या वर्षीही अशीच साथ द्या, फक्त सुट्टी घेताना आधी सांगत जा!’*

भावना खरी आहे, पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात काही ना काही अडतं. ‘घरच्याच’ हे आपल्याला गोड वाटतं. पण घरच्या माणसाला पगार नसतो, सुट्टी मागावी लागत नाही आणि त्याला कामावरून काढता येत नाही. मावशींना हा फरक रोज दिसतो, म्हणून ते वाक्य त्यांना पोकळ वाटू शकतं. ‘पान हलत नाही’ कुणालाही लिहिता येतं. ‘खूप केलंत’ म्हणजे नेमकं काय, ते सांगायचंच राहिलं. शेवटचं वाक्य तर आभाराच्या कागदावरची तक्रार आहे. घरी गेल्यावर तेवढंच लक्षात राहील. सुट्टीबद्दल बोलायचं असेल तर ते जानेवारीत, समोरासमोर.

आता तीच चिठ्ठी, आठवून झाल्यावर:

*‘मावशी, नमस्कार.*
*मार्चमध्ये आईंचा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा तुम्ही रोज निघण्याआधी त्यांच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवत होतात, आणि एका हाताने उघडता यावी म्हणून झाकण आधीच सैल करून ठेवत होतात. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी सकाळची गोळी डबीत तशीच राहिली आहे हे तुमच्याच लक्षात आलं आणि तुम्ही मला ऑफिसात फोन केलात. त्या दीड महिन्यात मी निर्धास्तपणे कामावर जाऊ शकले ते तुमच्यामुळे. तुमचे मनापासून आभार.*
*तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना नवीन वर्ष सुखाचं जावो.’*

खाली घरातल्या सगळ्यांची नावं. सासूबाईंनी थरथरत्या हाताने केली तरी त्यांची सही हवीच.

या चिठ्ठीचं सगळं वजन त्या झाकणात आहे. तेवढी गोष्ट पाहिली गेली आणि लक्षात राहिली, हे कळलं की ‘खूप’, ‘अतिशय’ लागत नाही. त्यानंतरचं ‘मी निर्धास्तपणे कामावर जाऊ शकले’ हे वाक्यही गाळू नका. त्यांनी काय केलं आणि त्यामुळे आपलं काय सोपं झालं, या दोन्ही गोष्टी आल्या की आभार पुरे होतात.

इथे एक हिशेब मात्र तपासून पाहा. बाटली भरून ठेवणं ही आपुलकी होती, पण त्या दीड महिन्यात मावशी रोज तासभर जास्त थांबत असतील तर ते जादा काम होतं. त्याचे पैसे दिलेले नसतील तर आधी ते द्या, मग चिठ्ठी. थकलेल्या पैशांच्या जागी आलेले आभार कुणालाही बोचतात.

आपल्याला असं लिहिणं जमेल का, याची फार चिंता करू नये. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली आभारपत्रांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्याहून वाचणाऱ्यांना जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं. लिहिणारा शब्द बरोबर आहेत ना ते पाहत बसतो, वाचणाऱ्याचं लक्ष मात्र आपुलकीकडे असतं.

ड्रायव्हरकाकांना लिहिताना

कृती तीच, पण इथे एक वेगळी मेख आहे. ‘किती उशीर झाला होता, तरी तुम्ही मला वेळेत पोचवलंत’ असं लिहायचा मोह होतो. वेग वाढवून वेळ गाठली असेल तर आपण नेमकं त्याचंच कौतुक करतोय, आणि पुढच्या वेळी काका तेच करतील. ज्याचे आभार मानाल ते पुन्हा होतं, म्हणून सावधपणाचे आभार माना. पावसात पुलाखाली पाणी साचलेलं पाहून ‘फेरा पडेल, पण वरून जाऊ’ असं ते म्हणाले असतील, आपण कुरकुर केली असेल आणि तरी त्यांनी ऐकलं नसेल, तर तोच प्रसंग लिहा.

ड्रायव्हरच्या कामाचा दुसरा मोठा भाग म्हणजे थांबणं. लग्नाच्या हॉलबाहेर, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, रात्री स्टेशनवर गाडी उशिरा येते तेव्हा. त्याचा उल्लेख सहसा कुणीच करत नाही. *‘काका, बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत पार्किंगमध्ये थांबलात. मी खाली आलो तेव्हा काही न विचारता तुम्ही गाडीचं दार उघडलंत आणि घरापर्यंत शांतपणे गाडी चालवलीत. त्या दिवशी मला तेच हवं होतं.’* पुढे आभार आणि सही, बास.

संबोधन आणि काय लिहू नये

रोज ज्या नावाने हाक मारता तेच वर लिहा: मावशी, ताई, काका, दादा. एरवी ‘मावशी’ आणि चिठ्ठीत एकदम ‘आदरणीय श्रीमती’ असं झालं तर सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतं. ‘आपण’ही नको, ‘तुम्ही’ पुरे. घरात ‘अगं-तूगं’ची सवय असली तरी मोठ्या माणसाला लिहिताना ‘तुम्ही’च ठेवावं, असं माझं मत आहे.

ही चिठ्ठी त्यांची मुलगी घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे, असं धरून चाला. मग नवऱ्याचं व्यसन, उचल घेतलेले पैसे, त्यांचं दुखणं यातलं काहीही चुकूनसुद्धा कागदावर येणार नाही. त्यांनी विश्वासाने सांगितलेलं होतं, ते तिथेच राहू द्या. ‘एवढ्या अडचणीतही तुम्ही हसतमुख असता’ हे वाक्यही नको.

कागद की फोन?

मजकूर त्यांच्या भाषेत हवा, आपल्याला सोयीच्या भाषेत नव्हे. वाचता येतं का, असं तोंडावर विचारायची गरज नसते. आजवरचं चॅट पाहिलं की कळतं. ते लिहून उत्तर देत असतील तर हाताने लिहिलेला कागद उत्तम: मोठं, सुटं अक्षर, जोडाक्षरं स्पष्ट. सगळी उत्तरं आवाजातच येत असतील तर आपणही हाच मजकूर बोलून पाठवा, मिनिटभराच्या आत. मात्र समोर कागद धरून वाचू नका, कानाला लगेच कळतं. तीन मुद्दे लिहून घ्या आणि बोला. आवाज पुन्हा ऐकता येतो, घरी ऐकवता येतो, त्यामुळे तो कागदापेक्षा कमी नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला फोटोसकट आभार टाकू नका. तो कार्यक्रम शेजाऱ्यांसाठी होतो.

देताना

हात साबणाचे असताना किंवा गाडी सुरू असताना नको. काम संपवून चप्पल घालायच्या बेतात असतील तेव्हा द्या आणि ‘घरी गेल्यावर वाचा’ म्हणा, म्हणजे आपल्यासमोर चेहरा कसा ठेवायचा हा पेच त्यांना पडत नाही. बोनस किंवा भेटवस्तू देणार असाल तर पाकीट वेगळं ठेवा. एकाच पाकिटात नोटा आणि कागद असले की कागद पाकिटातच राहतो. पगारवाढीचं बोलणंही दुसऱ्या दिवशी करा.

दुसऱ्या दिवशी त्या बहुधा ‘त्यात काय एवढं’ म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. मिळाली का, आवडली का, असं विचारू नका. कधी असंही होतं की चिठ्ठीमुळे धीर येऊन काका म्हणतात, ‘साहेब, एक बोलायचं होतं, रविवारची सुट्टी मिळाली तर...’ तुम्ही एवढं मनापासून लिहिलं आणि यांना सुट्टीचं सुचतंय, असं क्षणभर वाटेल. तरी बसा, ऐकून घ्या आणि कधीपर्यंत सांगाल ती तारीख तिथेच सांगा.